गवार कशी दिली, मावशी?

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईच्या आजूबाजूला संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं, की एकाच वेळी दहा-बारा ठिकाणची घासाघीस कानावर येते. मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत 1886 सालची. आत ओट्यांवर गाळे आणि बाहेर रस्त्याकडेला हातगाड्या, टोपल्या, पोत्यांवर मांडलेले ढीग. ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं पाच रुपयांसाठी भांडतायत. खरं म्हणजे तिथे भांडण क्वचितच होतं. दोन माणसं आपापला हिशेब एकमेकांना अर्धा सांगत असतात आणि अर्धा लपवत असतात.

ज्यांनी भाजी कायम मोबाइलवरून किंवा मॉलमधून आणली, त्यांना बाजारात भाव करायला संकोच वाटतो. नोकरीसाठी नव्याने महाराष्ट्रात आलेल्यांची अडचण तर दुहेरी असते. एक तर बोलायचं काय ते माहीत नसतं आणि समोरून आलेलं वाक्य खरं धरायचं की नाही, तेही कळत नाही. म्हणून इथे एक छोटा संवाद घेतो. तो मी रचलेला आहे, पण त्यातली बहुतेक वाक्यं तुम्हाला कुठल्याही संध्याकाळी ऐकू येतील. भाजी एकच, गवार. बोलणाऱ्या दोघी. विकणारीला गिऱ्हाईक ‘मावशी’ म्हणतं आणि मावशी गिऱ्हाइकाला ‘ताई’ म्हणते. पुरुष विक्रेता असेल तर ‘दादा’, ‘भाऊ’ किंवा ‘काका’. वय काहीही असो, दोन्ही बाजूंनी ‘तुम्ही’ म्हणायचं.

— मावशी, गवार कशी दिली?

— पंचवीसला पाव, ताई.

— पंचवीस? परवा तर वीसनं नेली मी.

— परवाची सुरती असंल. ही गावरान आहे. हात लावून बघा.

— कोवळी आहे ना?

— मोडून बघा की! जून निघाली तर पैसे देऊ नका.

— वीसला लावा मावशी. नेहमीची आहे मी.

— नेहमीच्या म्हणूनच पंचवीस सांगितले. वीसला मला परवडत नाही.

— पलीकडे वीसनंच देतायत.

— मग तिकडून घ्या. आधी बघून या, ती कशी आहे ते.

(ताई दोन पावलं पुढे जाते.)

— ओ ताई! अर्धा किलो घ्या, पंचेचाळीसला देते.

— अर्धा किलो कशाला? घरात दोघंच आहोत. चाळीसला देता का?

— नाही जमत. शेवटचा भाव सांगितला तुम्हाला.

— बरं, द्या. पण मी निवडून घेणार.

— घ्या निवडून. खालून उकरू नका फक्त, सगळी एकच आहे.

(मावशी काट्यावरच्या ताटलीत गवार ओतते.)

— बघा, पाचशे वीस. वीस ग्रॅम जास्तच आहे.

— थोडी कोथिंबीर टाका ना वर.

— कोथिंबीर आज महाग आहे हो. कढीपत्ता घेऊन जा.

— हे घ्या पन्नास.

— पाच रुपये सुट्टे नाहीत. दोन लिंबं देऊ का?

— द्या.

सगळा व्यवहार तीन मिनिटांचा. ताईनं वीस मागितले होते, मावशीनं पंचवीस सांगितले होते. ताईनं पाव किलोच्या जागी अर्धा किलो घेतला आणि सुट्ट्यांच्या जागी दोन लिंबं नेली. कोण जिंकलं, हे सांगण्याआधी मावशीच्या बाजूनं थोडं मागे जावं लागेल, पहाटेपर्यंत.

पुण्याची घाऊक भाजी येते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. तिथे शेतकऱ्याचा माल आडत्याच्या गाळ्यावर उतरतो आणि किरकोळ विक्रेते तो पहाटेपासून उचलतात. फळभाज्यांचा भाव तिथे दहा किलोला बोलला जातो आणि पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांना. हेच भाव मराठी वर्तमानपत्रांत सोमवारी छापून येतात, कारण रविवारी यार्डात आवक सगळ्यात जास्त असते. त्या यादीत गवारीच्या ओळीत ‘गावरान व सुरती’ असं लिहिलेलंही पुष्कळदा दिसेल. म्हणजे मावशीनं सांगितलेला फरक तिच्या मनातला नाही, व्यापाऱ्यांच्या यादीतला आहे. गावरान शेंग जरा खरखरीत, लवदार लागते आणि चवीला ती अनेकांना जास्त आवडते. सुरती गुळगुळीत असते. डोळ्याला दोन्ही हिरव्याच दिसतात, म्हणून मावशी ‘हात लावून बघा’ म्हणाली.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, रोजचा भाव बदलतोच. समजा, त्या दिवशी यार्डात गवार दहा किलोला 600 रुपये होती आणि मावशीनं वीस किलोचं पोतं घेतलं. मालाचे झाले 1200 रुपये. आडत, हमाली आणि टेम्पोत तिच्या वाट्याचं भाडं मिळून आणखी 100 धरू. (फळं-भाजीपाल्याची आडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची, 2016 साली राज्य सरकारनं ती खरेदीदारावर टाकली. त्यामुळे हा खर्च आता मावशीसारखीच्या अंगावर येतो.) पोतं सोडलं की वरचा माल आणि आतला माल सारखा निघतोच असं नाही. काही शेंगा जून, काही काळ्या पडलेल्या, काही तुटलेल्या. शिवाय दिवसभर उघड्यावर पडून वजन थोडं सुकतं. या सगळ्यात दीड किलो गेली असं समजलं, तर विकायला उरली साडेअठरा किलो. 1300 रुपयांना साडेअठरा किलो म्हणजे किलोमागे 70 रुपयांच्या आसपास पडली. यार्डातला 60चा भाव मंडईत पोचेपर्यंत 70 झाला आणि अजून मावशीनं एक रुपयाही कमावलेला नाही.

पंचवीसला पाव म्हणजे किलोला 100. वरवर पाहता किलोमागे तीस रुपये सुटतात. ताईनं मागितलेल्या वीसच्या भावात, म्हणजे किलोला 80 मध्येही, दहा रुपये सुटतातच. मग मावशी ‘परवडत नाही’ असं खोटं बोलली का? इथे बहुतेक गिऱ्हाइकं फसतात, कारण ती एकाच पावाचा हिशेब करतात. मावशीला पूर्ण पोत्याचा करावा लागतो.

पूर्ण पोतं कधीच ठरलेल्या भावात संपत नाही. साडेअठरातली साडेपंधरा किलो दिवसभरात गेली आणि तीन किलो रात्री उरली, असं धरू. उरलेली रात्री नऊ वाजता चाळीस रुपये किलोनं काढून टाकावी लागते, कारण उद्या ती सुरकुतलेली असेल आणि शेजारच्या गाड्यावर ताजी आलेली असेल. आता बेरीज करा. साडेपंधरा किलो शंभरनं, 1550 रुपये. तीन किलो चाळीसनं, 120 रुपये. एकूण 1670. त्यातून 1300 वजा केले की हातात राहतात 370. हीच गवार तिनं प्रत्येकाला वीसनं दिली असती, तर साडेपंधरा किलोचे 1240 आणि शेवटच्या तीन किलोचे 120 मिळून 1360 झाले असते. म्हणजे हातात उरले असते फक्त 60 रुपये. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं पावामागे पाच रुपयांची सूट, विकणारीच्या दृष्टीनं 370चे 60. यातूनच तिची जागा, पिशव्या, चहा आणि पहाटे चारपासूनची मेहनत निघायची असते. तिच्याकडे गवारीखेरीज आणखी सात-आठ भाज्या असतात हे खरं, पण प्रत्येक भाजीचं गणित साधारण असंच चालतं.

मग तिनं अर्धा किलो पंचेचाळीसला कसा दिला? हा या संवादातला सगळ्यात हुशार क्षण आहे आणि तो मावशीचा आहे. पंचेचाळीसला अर्धा म्हणजे किलोला 90. भाव दहा रुपयांनी उतरला. पण प्रत्येकानं पावाच्या जागी अर्धा किलो नेला, तर रात्रीसाठी तीन किलो उरतच नाही. साडेअठराच्या साडेअठरा किलो नव्वदनं गेली तर 1665 रुपये येतात, खर्च वजा जाता 365. आणि शंभरनं विकून, शेवटी फुंकून टाकून मिळत होते 370. पाच रुपयांचा फरक, आणि मावशी दीड तास आधी घरी. सगळेच अर्धा किलो घेत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं नेमकं कधी बसत नाही. तरी दिशा हीच. म्हणून अनुभवी विक्रेता भावावर अडून बसतो आणि मापावर मोकळा होतो. तुम्ही ‘कमी करा’ म्हणालात की त्याचं पहिलं उत्तर ‘जास्त घ्या’ हेच असतं.

हे कळलं की बाजारात काय मागायचं ते कळतं. एक पाव घेऊन पाच रुपये तोडायला सांगणं म्हणजे विकणारीच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं. दोन-तीन भाज्या एकत्र घेऊन ‘सगळं मिळून किती लावाल?’ असं विचारलं, तर तिला सूट द्यायला जागा असते. समजा वीसची भेंडी, पंचवीसची गवार, वीसचे टोमॅटो आणि पंधराची काकडी घेतली, तर 80 होतात. तिथे ‘पंचाहत्तर घ्या’ हे वाक्य फारसा विरोध न होता मान्य होतं. पाच रुपये तेच, पण आता ते चार भाज्यांत वाटले गेले.

आता संवादातल्या बाकीच्या वाक्यांकडे येऊ.

‘परवा तर वीसनं नेली मी’ हे वाक्य अर्धं खरं असतं आणि दोघींनाही ते ठाऊक असतं. परवाचा भाव आजचा पुरावा होत नाही. पाऊस झाला, आवक कमी झाली, की दोन दिवसांत भाजीचा भाव दीडपट होऊ शकतो. शिवाय मार्केट यार्डाला शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे शनिवारी दिसणारी भाजी बहुधा शुक्रवारी उचललेली असते. तरी हे वाक्य निरुपयोगी नाही. त्यातून गिऱ्हाईक एवढंच कळवतं, की मला भावाची कल्पना आहे, कितीही सांगू नका. नवख्या माणसाला पंचवीसऐवजी तीस सांगितले जातात, ते याच वाक्याअभावी. मात्र ते हसून म्हणायचं. ‘काय लुटता का?’ असं विचारणारे लोक असतात. त्यांना भाव कमी मिळत नाही. खालची शेंग मात्र मिळते.

‘मोडून बघा की’ हे आव्हान स्वीकारा. कोवळी गवार मधोमध वाकवली की कट् आवाज करून तुटते आणि दोर जवळजवळ निघत नाही. जून शेंग वाकते, तुटत नाही, सालीचा दोर लोंबत राहतो आणि आतले दाणे बाहेरून फुगलेले दिसतात. एखादी शेंग मोडली तर कुणी काही म्हणत नाही. भेंडीचं तसं नाही. भेंडीची टोकं मोडत सुटलेलं गिऱ्हाईक विक्रेत्याला अजिबात आवडत नाही, कारण टोक मोडलेली भेंडी दुसरं कुणी घेत नाही. एका भेंडीवर परीक्षा होते, दहा मोडायची गरज नसते. वांग्याला तर काहीच मोडावं लागत नाही. देठ हिरवा आणि काटेरी, साल चकचकीत आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागलं तर ते घ्यावं. जड वांग्यात बिया जास्त.

गवार ओली आहे का, तेही बघा. ती ताजी दिसावी म्हणून तिच्यावर पाणी मारलेलं असतं. थोड्या पाण्यानं काही बिघडत नाही, पण भिजलेली गवार पिशवीत बंद राहिली की रात्रीतून काळी पडते. पाण्याचं वजनही तुम्ही गवारीच्या भावात विकत घेता. हातात मूठभर घेऊन झटकली आणि बोटं ओली झाली, तर सरळ म्हणावं, ‘मावशी, वरची कोरडी द्या.’

पलीकडचा भाव सांगणं ही जुनी खेळी. मावशीनं तिला उत्तर दिलं ते त्याहून जुनं, ‘तिकडून घ्या.’ मावशी एवढ्या निश्चिंतपणे असं बोलते, त्याचं कारण तिला शेजारणीचा माल माहीत असतो. बहुधा दोघींनी एकाच गाळ्यावरून उचललेला असतो आणि तसा असेल तर शेजारीण वीसनं देणार नाही. देत असेल, तर तो कालचा असतो. त्यामुळे हे वाक्य खरंच पलीकडे जाऊन आलेल्यानंच म्हणावं. दोन पावलं पुढे जाणं मात्र उपयोगाचं आहे, कारण त्यानं विकणारीला शेवटचा भाव सांगायला निमित्त मिळतं. तिनं हाक मारली तर भावात जागा होती. नाही मारली तर पहिला भाव हाच शेवटचा होता. अशा वेळी परत येऊन तोच भाव देण्यात कमीपणा नाही. लोक उगाच लाजतात आणि घरी मसूर शिजवतात.

‘मी निवडून घेणार’ हा गिऱ्हाइकाचा खरा विजय असतो, पैशांपेक्षाही मोठा. अर्धा किलो गवारीत शंभर ग्रॅम जून शेंगा आल्या, तर पंचेचाळीसमधले नऊ रुपये कचऱ्यात गेले. पाच रुपयांची सूट मिळवून न निवडता घेतलेली गवार शेवटी महागच पडते. विक्रेत्यालाही हे कळतं. म्हणून बाजाराचा न बोललेला नियम असा, की भाव पाडला तर निवडू देणार नाही आणि निवडून हवी असेल तर सांगितलेला भाव द्या. आपल्या ताईला दोन्ही थोडं थोडं मिळालं, कारण तिनं माप वाढवलं. ‘खालून उकरू नका’ ही मावशीची अटही योग्यच आहे. उकरल्यानं शेंगा मोडतात आणि ढिगाची मांडणी जाते. मांडणी गेली की पुढचं गिऱ्हाईक थांबत नाही.

काट्यापाशी आपण सगळेच जरा बेसावध असतो. भाव ठरला की लढाई संपली असं वाटतं आणि आपण पाकीट शोधायला लागतो. काट्याकडे तेव्हाच बघायचं असतं. गवार ओतण्याआधी, रिकामी ताटली वर ठेवलेली असताना आकडा शून्य हवा. ताटली नंतर ठेवली तर तिचंही वजन तुम्हाला विकलं जातं. आकड्यांची बाजू आपल्याकडे वळलेली हवी. वळलेली नसेल तर ‘काटा जरा इकडे करा’ म्हणायला काहीच हरकत नाही, रोज शेकडो लोक म्हणतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैध मापन खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि तशी मुद्रा काट्यावर असते. शंका आली तर घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोच माल पुन्हा मोजावा. पाचशेचे चारशे नव्वद भरले तर सोडून द्यावं. चारशे चाळीस भरले तर ते गाडं बदलावं. अर्ध्या किलोत साठ ग्रॅम कमी म्हणजे, पंचेचाळीसच्या भावानं, पाच रुपये चाळीस पैसे. जेवढी सूट मिळवली त्याहून जास्त काट्यावर गेले. माझ्या मते भाव खाली आणण्यावर लोक फार वेळ घालवतात आणि मापाकडे फार कमी बघतात.

कोथिंबीर वर टाकायला सांगणं ही आपल्याकडची जुनी प्रथा आणि ती अजून टिकून आहे. पण तिलाही ऋतू आहे. थंडीत कोथिंबीर भरपूर येते, तेव्हा मावशी न मागता चार काड्या टाकते. मे महिन्यात किंवा भर पावसात जुडी महागते, तेव्हा फुकट मागणं म्हणजे सरळ रोख पैसे मागितल्यासारखंच. तेव्हा ती कढीपत्ता पुढे करते. तो तिला बराच स्वस्त पडतो आणि गिऱ्हाइकाचं मनही राहतं. दोन लिंबांची गोष्टही तशीच. पाच रुपये सुट्टे नाहीत असं खरंच असतं, पण लिंबू स्वस्त असेल तेव्हा सुट्टे जरा लवकर संपतात. उन्हाळ्यात लिंबू महाग झालं की सुट्टे बरोबर सापडतात! आता बहुतेक गाड्यांवर पैसे भरायचा क्यूआर कोड लावलेला असतो, त्यामुळे ही लिंबं हळूहळू कमी होत चालली आहेत.

वेळेचं म्हणाल, तर सकाळी पहिलं गिऱ्हाईक भवानीचं. भवानी परत जाऊ नये अशी विक्रेत्याची श्रद्धा असते, त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाला एखादा रुपया कमी लावला जातो. पण माल तेव्हा सगळ्यात ताजा आणि मागणीही पुढे असते, म्हणून मोठी सूट मिळत नाही. रात्री साडेआठनंतर पालेभाजी झपाट्यानं उतरते. मेथी, पालक, चाकवत यांना उद्या नसतो, म्हणून एका जुडीच्या भावात दोन मिळतात. गवार, भेंडी एखादा दिवस तग धरतात, त्यामुळे त्या थोड्याच उतरतात. कांदा-बटाट्यावर रात्रीही काही सुटत नाही, तो उद्या विकता येतो. त्यावर घासाघीस करायची असेल तर पाच किलो घ्यावा.

एक अपवाद सांगायलाच हवा. आठवडे बाजारात एखादी बाई स्वतःच्या परसातली किंवा बांधावरची भाजी घेऊन बसते. समोर आठ जुड्या, एक छोटा ढीग काकड्यांचा, काटा नाही, वाट्यानं विकते. वर मांडलेलं पोत्याचं गणित तिला लागू पडत नाही. तिला आडत नाही, टेम्पो नाही, पण शेवटची एसटी आहे. तिचा भाव एसटीच्या वेळेप्रमाणे खाली येतो आणि हे तिला आधीच माहीत असल्यानं ती सुरुवातीलाच कमी सांगते. तिच्याशी घासाघीस करून दोन रुपये वाचतात. मी ते करत नाही, तुम्हीही करू नये असं मला वाटतं.

राहिला प्रश्न, पंचवीस हा भाव योग्य होता का. त्यासाठी सोमवारचं वर्तमानपत्र पुरेसं आहे. दहा किलोचा घाऊक भाव बघा, त्याला दहानं भागा आणि येईल त्याची दीडपट ते पावणेदोनपट करा. पोचण्याचा खर्च, घट आणि विकणारीची मजुरी धरून किरकोळ भाव साधारण तिथे यायला हवा. आपल्या उदाहरणात घाऊक 600, म्हणजे किलोला 60. पावणेदोनपट केले तर 105. मावशीनं 100 सांगितले होते. ताईनं वीस मागायला हरकत नव्हती, पण पंचवीसही वाजवीच होते. तुमच्या बाजारात गवार याच घाऊक भावाला असताना कुणी चाळीसला पाव सांगितली, तर मात्र तिथे भाव करत बसू नका. पुढच्या गाड्यावर जा.